मुहूर्ताचे नव्हेत ते आकडे

तरुणपणी मी सेनगावात ब्लाऊज शिवायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा ढिल्लं कर." कुठं ढिल्लं, हे मी विचारायचे नाही, विचारलं तर हिला शिवणकाम कळत नाही असं वाटेल ना! गिऱ्हाइकाची सासू एक सांगायची, नणंद दुसरं, मी सगळ्यांना "व्हय, व्हय" करून सगळंच उसवायचे. एका नवरीचा ब्लाऊज पाच वेळा उसवला. शेवटी तो तिच्या धाकट्या बहिणीला बराबर बसला. आणि माझा तोरा असा, की जणू सुईदोरा मीच शोधला.

त्यामुळं नात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागली आणि पहिल्याच गिऱ्हाइकानं तिच्याकडून आठ वेळा बदल करून घेतले, तेव्हा मला तिची दयाही आली आणि हसूही. सकाळपासून फोनवर आवाजी निरोप: "ते मामाचं जरा लांबलंय." लग्नात मामा चार. कुठल्या मामाचं न्‌ कुठलं, कुणाला ठाऊक?

नात म्हणाली, "आजी, आता आणखी एकच लग्न करून बघते. पुन्हा असंच झालं तर हे बंद. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावते."

ते एक लग्न माझ्या बहिणीच्या नातीचं निघालं, जवळा बाजारचं. नवरी रविवारी पुण्याला जाणार होती आणि जायच्या आधी तिला सगळ्यांसोबत बसून व्हिडिओ बघायचा होता. या वेळी नातीनं आधीच बजावलं. कच्च्या व्हिडिओच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत वेळ पळत ठेवली. मतं गोळा करायची ती एकाच माणसानं, नवरीच्या आत्यानं, म्हणजे माझ्या भाचीनं. वहीत तीन रकाने: वेळ, काय दिसतं, काय करायचं. यादी एकदाच. बदल करून पुन्हा पाठवला की फक्त राहिलेलं सांगायचं, नवं काही नाही.

बुधवारी यादीचे फोटो आले. सव्वीस गोष्टी! नातीनं पहिली उघडली: चार मिनिटं दहा सेकंद, सासूबाईंचे डोळे मिटलेत, काढा. तिथं तर पंगतीत बुंदी वाढणं चाललं होतं. दुसरी: दोन पस्तीस, नवरदेवाचा फेटा वाकडा. तिथं नुसता रिकामा मांडव. नातीनं लॅपटॉप मिटला. डोळे पुसायला लागली.

मी चष्मा लावून यादी वाचली. व्हिडिओ तीस मिनिटांचा, आणि पाच मिनिटांच्या पुढं एकही तक्रार नाही? असं कधी झालंय का आपल्या घरात! भाचीला फोन लावला.

"काय गं, वेळ कुठून बघून लिहिली?"

"खालची, मावशी. व्हिडिओ सरकतो तिथली. फोनवरून अख्खा जाईना, म्हणून पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले न्‌ धाडले सगळ्यांना."

म्हणजे प्रत्येक तुकडा पुन्हा शून्यापासून सुरू!

"आणि वरचे पांढरे आकडे?"

"ते मुहूर्ताचे न्हाईत व्हय? मला वाटलं पोरीनं हौसेनं घातले."

"मुहूर्त बारा पस्तीसचा होता, बाई. तुझा मुहूर्त पळून काहून राहिला मग?"

नात आधी डोळे पुसत होती, मग तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

गुरुवारी सकाळी जीप धरून आम्ही दोघी जवळा बाजारला गेलो. 'काय दिसतं' हा रकाना भाचीनं नीट भरला होता, त्यानं वाचवलं. नात दृश्य शोधायची, थांबवायची, आणि भाची वरचे आकडे मोठ्यानं वाचून नवी वेळ लिहायची. तीन तक्रारी एकाच फेट्याच्या निघाल्या. नवरीची आई म्हणाली, मामाचं भाषण काढा. मामा म्हणाले, पूर्ण ठेवा. भाची म्हणाली, "दोघांचंबी कर."

"आत्या, दोन्ही कसं होईल? एक सांगा."

मी विचारलं, "ब्लाऊज कोण घालणार हाय?" भाचीच्या ध्यानात आलं. मग नवरीलाच बोलावलं. ती म्हणाली, "भाषण ठेवा, पण मामा रडल्यापासून पुढचंच."

सव्विसाच्या चौदा झाल्या. पाणी प्यायला सगळे उठले तसं मी गुपचूप पंधरावी लिहिली: आठ बावीस, हळदीतला म्हातारीचा नाच, लांबवा. म्हातारी म्हणजे मीच. नातीनं बघितलंच. "आजी, तू गिऱ्हाईक न्हाईस," म्हणून तिनं सरळ काट मारली.

शुक्रवारी संध्याकाळी बदललेला व्हिडिओ गेला, या वेळी तुकड्यांत नाही, लिंकवरून. मी सारखी नातीच्या फोनकडं बघत होते, तिच्याहून जास्त. शनिवारी दुपारी उत्तर आलं. नवरीनं स्वतः लिहिलं होतं, आकड्यांसकट, एकच ओळ: "सतरा चाळीस, नावात वेलांटी चुकली. बाकी सगळं बराबर. आठ बावीसला हात लावू नका."

नातीनं वेलांटी दुरुस्त केली, आकडे काढून व्हिडिओ पक्का केला, आणि मला म्हणाली, "आजी, डोंगरकड्याहून लग्नाचं नवं काम आलंय, हो म्हणू का?"

मी म्हटलं, "म्हण. पण आधी सांग त्यांना, ते आकडे मुहूर्ताचे न्हाईत."