इरम्माच्या खोलीतली ऊब

माणिकप्पा कोरे म्हणजे धाराशिवातला जुना वायरमन. मोटार जळो, मीटर धूर सोडो, लोक आधी त्याला फोन लावत. बिघाड समोर दिसत असेल तर हा माणूस शांत असे. बिघाड लपून बसला की त्याचं डोकं फिरे. मग तो घरच्यांशी बोलत नसे, पकडीशीच भांडे.

यंदाच्या थंडीत त्याला भांडायला इरम्माची खोली मिळाली.

इरम्मा पंच्याहत्तरीच्या. गुडघे धरलेले, साखरेनं तळपाय बधिर झालेले. लेक श्रीदेवी शाळेत शिकवते, आई तिच्याकडेच असते. मुलगा शिवकुमार बर्फाच्या देशात नोकरीला. गेल्या वर्षी येताना त्यानं बॅगेत घालून एक जाळी आणली. जाळीवर तापणारी तार नागमोडी बसवलेली. ती फरशीखाली अंथरायची, वर सिमेंटचा मसाला घालून टाइल बसवायच्या, भिंतीवर थर्मोस्टॅट लावायचा. "तिकडं घरोघरी असतं हे," शिवकुमार म्हणाला होता. "आईचे पाय गार पडणार नाहीत."

जाळी माणिकप्पानंच बसवली. पुस्तिकेतली चित्रं बघून, तार कुठं कापू न देता, तारेच्या दोन वळणांच्या बरोबर मधोमध एक बारीक नळी टाकून. त्या नळीत सेन्सर. सेन्सर फरशीचं तापमान थर्मोस्टॅटला कळवतो, मर्यादा गाठली की थर्मोस्टॅट वीज तोडतो. नळी अशासाठी, की सेन्सर बिघडला तर टाइल न फोडता ओढून बदलता यावा. मर्यादा अठ्ठावीस अंशांची ठेवली.

थंडी पडली आणि श्रीदेवीचा फोन आला. "माणिककाका, भिंतीवर अठ्ठावीस दिसतंय आणि खोली बर्फासारखी. आई कुडकुडतीय."

माणिकप्पा दुपारी गेला. खोली झाडून पुसून लख्ख. दाराजवळ हात लावला तर फरशी गार. मीटरनं तार तपासली, शाबूत होती. तार एकसलग असते. तुटली असती तर सगळीच बंद पडली असती. सेन्सर तपासला. थंडीत त्याचा अवरोध वाढतो, उबेत घटतो. त्याचा आकडा अठ्ठाविसाच्याच आसपास बसत होता. तरीही फरशी गार!

"सेन्सर खोटं बोलतोय, ताई," तो म्हणाला. नवा मागवून घातला. दोनच दिवसांत पुन्हा तीच रड.

"काका, तुम्हाला जमतंय ना हे?" श्रीदेवीनं फोनवर विचारलं. प्रश्न साधाच होता, पण तो त्याला दिवसभर टोचत राहिला.

पुन्हा खोली. पुन्हा लख्ख फरशी. इरम्मा कोपऱ्यात खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेल्या.

"माणिक, चुलीपाशी बसलेलं बरं होतं की रे."

"थांबा की अव्वा जरा!" तो खेकसला. मग स्वतःच्याच आवाजाची लाज वाटून मान खाली घालून बसला.

विचार करकरून त्यानं एक निदान काढलं. मसाला भरताना नळी सरकली असणार आणि थेट तारेला टेकली असणार. मग सेन्सर तारेची उष्णता मोजणार, फरशीची नाही. तार जरा तापली की वीज बंद, आणि बाकी खोली गारच. निदान पटण्यासारखं होतं. पण खात्री करायची तर टाइल फोडाव्या लागल्या असत्या.

टाइल फोडायला त्याचं मन होईना. थर्मोस्टॅटमध्ये आणखी एक सोय होती. फरशीचा सेन्सर सोडून थर्मोस्टॅटच्याच डब्यातल्या सेन्सरनं खोलीची हवा मोजायची. त्यानं तसं करून दिलं, हवेला बावीस लावले. त्या संध्याकाळी खोली उबदार झाली. श्रीदेवीनं पोहे करून खायला घातले. माणिकप्पा सुटल्यासारखा घरी गेला.

आठवडा झाला नसेल, पुन्हा फोन. या वेळी श्रीदेवीचा आवाज वेगळा होता.

"आईच्या टाचेला फोड आलाय. डॉक्टर म्हणतात भाजलंय. तिला काही कळलंसुद्धा नाही. या आत्ताच्या आत्ता!"

तो गाडी काढून तसाच निघाला. एरवी वेळ कळवून जायचा, आज पाच मिनिटांत दारात पोचला. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकला.

खोलीच्या मधोमध, पंख्याखाली, कापसाची जाड गादी पसरलेली होती. त्यावर इरम्मा, पायाला पट्टी.

"ही गादी इथं कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे?" श्रीदेवी चिडली. "आई खालीच झोपते. खाटेवर तिला झोप येत नाही. दुपारचीसुद्धा इथंच लवंडते."

"मग मी आलो तेव्हा कुठं होती?"

"अहो, माणूस येणार म्हटल्यावर अंथरूण गुंडाळून ठेवायचं नाही का? पसारा तसाच दाखवायचा?"

माणिकप्पानं गादीची कड उचलून हात खाली घातला आणि झटकन मागे घेतला. टाइल चटका देत होती.

सेन्सर खोटं बोलत नव्हता. पहिलाही नाही, दुसराही नाही. तो बरोबर गादीखाली होता, आणि माणिकप्पानं हात लावला होता तो दाराजवळ. गादीखालची ऊब वर निघायला वाट नव्हती. तिथली फरशी लवकर अठ्ठावीस व्हायची आणि वीज तुटायची. उघडी फरशी तापायच्या आत सगळं बंद. खोली गार पडत होती, पण अव्वाचे पाय सलामत होते. आणि त्यानं, माणिकप्पानं, त्या राखणदारालाच कामावरून काढलं होतं. हवा बावीस होईपर्यंत तार तापतच राहिली, गादीखाली काय चाललंय हे विचारणारं कुणी उरलं नाही. झोपेत गादीवरून घसरलेली टाच पांघरुणाखाली रात्रभर त्या तापलेल्या टाइलवर टेकून राहिली.

"ताई, चूक माझी," तो म्हणाला. "टाइल फोडायचा कंटाळा केला, आणि फरशीची मर्यादाच काढून टाकली."

श्रीदेवी आईची पट्टी नीट करू लागली.

त्यानं वीज बंद केली, गादी उचलून बाजूला टाकली, थर्मोस्टॅट पुन्हा लावला: हवा मोजायची, पण फरशीचा सेन्सर पहारा देईल, सत्तावीसवर फरशी गेली की बंद.

"पण अव्वा, गादी इथं राहिली तर खोली पुन्हा गारच. खाट घ्या. उंच पायांची, खालून वारा खेळणारी."

"खाटेवरून पडले होते मी. खाट नको."

"मग दुसऱ्या खोलीत झोपा."

"का? ही खोली माझी न्हाय व्हय?"

"अव्वा!" त्याचा आवाज चढला. "तुमच्या पायाला कळत न्हाय! भाजलं तरी कळत न्हाय!"

इरम्मांनी पट्टीकडं पाहिलं. श्रीदेवी दाराकडं वळली. मग म्हातारीच म्हणाली, "दुपारपासून तापव. दिवेलागणीपर्यंत अंथरूण गुंडाळलेलंच ठेवीन, लवंडायची न्हाय. मग बंद कर आन् मला झोपू दे. तापलेली फरशी काय लगेच गार होती व्हय?"

होत नाही, हे खरं होतं. टाइल आणि मसाला काही वेळ ऊब धरतात, आणि वीज बंद असली की गादीखाली ती वाढत नाही, उतरतच जाते. माणिकप्पानं थर्मोस्टॅटला त्या वेळा लावून दिल्या. कुणाच्या बोटानं बदलू नयेत म्हणून कुलूपही घातलं.

मग रोज दिवेलागणीला तो चक्कर मारू लागला. वीज बंद झाल्याचं पाही, उघड्या फरशीला हात लावी, मगच गादी स्वतः पसरी. टाचेची जखम साखरेमुळे हट्टी होती. कडा सुकल्यासारख्या वाटत आणि पुन्हा ओलावत. श्रीदेवी त्याला चहा देई, पण पूर्वीसारखी बोलत नसे.

एका पहाटे गारठा फारच पडला. संध्याकाळी त्यानं गादी पसरली तशा इरम्मा तिच्यावर बसल्या.

"रातीला लई गार झालं, माणिक. मधी एकदा चालू होऊ दे की."

"न्हाय अव्वा. थंडी वाजली तर गोधडी घ्या आणखी एक. ते चालू होणार न्हाय."

"मग तार घातली कशाला रे फरशीत?"

माणिकप्पानं कपाटातून गोधडी काढली, झटकली आणि त्यांच्या पायांवर घातली.