तिसऱ्या वर्षाचा खड्डा

भाच्याने कर्जाच्या आकड्यांना वजाचं चिन्ह लावलं, आणि मग तेच आकडे मालमत्तेतून पुन्हा वजा केले. वजातून वजा गेलं की अधिक होतं हे तो शाळेत शिकला होता, पण कर सल्लागार होऊन पाटी लागली की शाळेतलं बरंच काही पाटीमागे जातं. परिणाम असा झाला, की त्याने मोठ्या प्रेमाने रंगीत छापून दिलेल्या मावशीच्या निव्वळ मालमत्तेच्या पत्रकात मावशी जितकं कर्ज काढेल तितकी श्रीमंत होत होती. आणि त्या पत्रकाखाली मावशीची सही होती.

बँकेतला अधिकारी सभ्य होता. तो हसला नाही. त्याने नुसता चष्मा पुढे सरकवला आणि म्हणाला, "बाई, तिसऱ्या वर्षी मालमत्ता त्रेचाळीस लाख, कर्ज अडीच लाख, आणि हाती उरलेले साडेपंचेचाळीस? ही युक्ती आम्हालाही शिकवा."

शेजारच्या दोन रांगांनी ते ऐकलं.

मावशी चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. औषधाची एक गोळी कमी भरली तर ती कपाट उलटं करून शोधायची. डॉक्टरने लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर डॉक्टरलाच परत पाठवायची, आणि ते जायचे. त्या बाईला आज एका बँकेत, ऐन गर्दीत, आकडा चोरल्यासारखं उभं राहावं लागलं. तिने पत्रकाची घडी घातली, पर्स बंद केली आणि पायऱ्या उतरली. भाचा मागून "मावशी, अगं एक मिनिट" म्हणत धावला. मावशीचं एक मिनिट रिक्षा मिळेपर्यंत लांबलं.

"माझी वही कुठंय?" रिक्षात बसल्यावर तिने विचारलं.

"ऑफिसात."

"चल."

वहीचं थोडं सांगायला हवं. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी मावशी एक पान लिहायची. डाव्या हाताला 'आहे', उजव्या हाताला 'द्यायचंय', खाली रेघ, रेघेखाली 'उरलं'. घराची किंमत दर वर्षी तीस लाखच. "विकायचं नाही त्याचा भाव कशाला बघायचा?" असं तिचं म्हणणं. गावातल्या दलालांनी भाव कितीही चढवला तरी मावशीचं घर वहीत एक पैसाही वर सरकलं नाही. तिला या पत्रकाची गरज आता पडली, ती दवाखान्यातल्या आयाबाईच्या मुलीसाठी. पोरगी नर्सिंगला लागली होती, शिक्षणासाठी कर्ज हवं होतं आणि जामीन राहायला मावशी तयार होती. बँक म्हणाली, पाच वर्षांच्या स्थितीचं पत्रक द्या आणि आलेखही द्या, शुक्रवारी पाचच्या आत. आज बुधवार होता.

ऑफिस म्हणजे एक खोली, काचेचं दार, फिरणारी खुर्ची आणि जरा जास्तच चकचकीत कॉम्प्युटर. भाचा त्याच्यासमोर बसला. मावशी उभीच राहिली.

"बस ना."

"उभ्याने रागवायला बरं पडतं."

त्याने चिन्हं काढली. पडद्यावरची रेषा हलली, आणि जी आत्तापर्यंत तिसऱ्या वर्षी ऐटीत उडी मारत होती, ती तिथंच धपकन खाली बसली. एकोणचाळीस, एक्केचाळीस, साडेचाळीस, साडेएक्केचाळीस, साडेबेचाळीस.

"बघ, बरोबर झालं," भाचा घाईने म्हणाला. "छोटासा खड्डा आहे, त्याचं काय एवढं."

"तो बँकेतला माणूस मला काय विचारेल, ऐक. तिसऱ्या वर्षी ठेवीवर अडीच लाखांचं कर्ज काढलंत, मग ते पैसे कुठं गेले? कर्ज दिसतं, पैसे दिसत नाहीत. मी काय उत्तर देणार?"

"म्हणायचं, घरखर्च झाला."

"घरखर्च!" मावशीचा आवाज इतका चढला, की बाहेर ऑफिसचं दार पुसणारी बाई थांबली. "अरे, मी एकटी! दोन पोळ्या नि भाजीत अडीच लाख गेले असं मी कागदावर लिहून सही करू? चार वर्षांचं दूध तरी तेवढ्याचं होतं का? आणि त्या पोरीचा जामीन मी असं खोटं लिहून राहू?"

तिने वही उघडली. तिसऱ्या वर्षाचं पान. डाव्या बाजूला घर, ठेवी, सोनं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'बाहेर दिलेले, अडीच.' चौथ्या वर्षीही तीच ओळ. पाचव्याही.

"ही ओळ तुझ्या पत्रकात का नाही?"

भाच्याला ओळ दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. बारीक असली तरी तिच्यावरून नजर घसरवायला चांगले दोन दिवस मेहनत लागली होती. पावती नाही, तारीख नाही, नाव नाही, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. तारीख त्याला पाठ होती. त्याच दिवशी या खोलीची अनामत भरली होती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ही खुर्ची आली होती.

"कागद नाही ना, मावशी. उधार दिलेले पैसे मालमत्तेत धरायचे तर घेणाऱ्याचं लेखी हवं. माझं देणं आहे, असं त्याने सही करून लिहून द्यायला लागतं. नाहीतर बँक मानत नाही."

"मग लिहून दे."

भाच्याची फिरणारी खुर्ची अर्धी फिरून थांबली.

"गेल्या वर्षी तू गाडीसाठी कर्ज काढलंस," मावशी म्हणाली. आता ती हळू बोलत होती, आणि तेच जास्त वाईट होतं. "तेव्हा तूही असलंच पत्रक बँकेला दिलंस. अगदी रंगीत. माझ्या टेबलावर विसरून गेला होतास, मी वाचलं. तुझ्या देण्यांच्या बाजूला मी कुठं होते रे? मी व्याज भरते त्या ठेवीवरच्या कर्जाचं, दर महिन्याला, आणि तुझ्या कागदावर मी औषधालाही नाही! बँकेत माझी अब्रू गेली त्याचं वाईट वाटतंय तुला. तुझ्या हिशेबातून मी तीन वर्षांपूर्वीच गेले, त्याचं काही नाही!"

भाच्याने कीबोर्डकडे हात नेला. तिसऱ्या वर्षापासून एक ओळ वाढवली: भाच्याकडून येणे, अडीच लाख. रेषा उठली. एकोणचाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. एका पायरीलाही खड्डा नाही. चाळीस वर्षांची नोकरी एखाद्या जिन्यासारखी सरळ चढून गेली होती. खड्डा होता तो त्याने पाडलेला होता.

मग त्याने देण्याच्या कबुलीचं पत्र टाइप केलं. स्वतःचं नाव, रक्कम, घेतल्याची तारीख. तिथं तो अडला.

"मावशी," त्याने मान वर न करता विचारलं, "परतफेडीच्या हप्त्याची तारीख लिहावी लागते. कुठली लिहू?"

"तुझ्या गाडीचा हप्ता जातो ती."