पॅड उद्या

पंचाक्षरी आमच्या क्षयरोगाच्या दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क होता आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे गोजरबाई सिस्टर मेलेल्या माणसाबद्दल उगाच गोड बोलते असं कोणी म्हणायला नको. तो हळू चालायचा, हळू लिहायचा, आणि एक प्रश्न विचारला तर चष्मा पुसून मग उत्तर द्यायचा. वॉर्डात चाळीस खाटा, मी एकटी, आणि हा गृहस्थ चष्मा पुसतोय!

अठ्ठ्याहत्तर साली आमचे मोठे डॉक्टर, देशमाने साहेब, यांना एक अभ्यास मिळाला. तेव्हा टीबीचं औषध दीड वर्ष घ्यावं लागे, आणि चार महिन्यांत बरं वाटलं की निम्मे लोक ते सोडून देत. सहा महिन्यांत भागेल का, हे नव्या गोळ्या देऊन बघायचं होतं. पैसा देणाऱ्या संस्थेची अट अशी की प्रत्येक पेशंटला सगळं समजावून सांगायचं आणि लेखी संमती घ्यायची. पुण्याच्या कुणा विद्वानाने केलेला संमतीपत्राचा मराठी तर्जुमाही त्यांनी धाडला होता. त्यात ‘यादृच्छिक विभागणी’ होती, ‘संभाव्य यकृतबाधा’ होती. मी दोनदा वाचला आणि शेवटी इंग्रजी कागद मागून घेतला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

साहेबांनी तो तर्जुमा पंचाक्षरीला दिला, सोपा कर म्हणाले. त्याला दोन्ही भाषा यायच्या, घरी कानडी, दवाखान्यात मराठी. आठ दिवसांत त्याने तो सोप्या मराठीत उतरवला. ‘कोणाला कोणतं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत. बंद पाकिटातून निघेल ते मिळेल. नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे का, हे अजून कोणालाच माहीत नाही. तेच बघायचं आहे.’ पुढे, ‘काहींना कावीळ होऊ शकते. ती वाढली तर जिवालाही धोका असतो.’ या ओळीवर साहेब नाराज झाले. जिवाचं नाव काढलं तर कोण येईल, म्हणाले. पंचाक्षरीने चष्मा पुसला आणि इंग्रजी कागदावरची तीच ओळ बोटाने दाखवली. ओळ राहिली.

आता मला वाटलं, झालं एकदाचं काम. पण हा वाचून दाखवायचा, लोक ‘समजलं की’ म्हणायचे, आणि तेवढ्यावर याचं समाधान होईना. समजलं म्हणजे काय समजलं? मी म्हटलं, तू मास्तर आहेस का परीक्षा घ्यायला? तर म्हणतो, परीक्षा त्यांची नाही हो, माझ्या कागदाची. मग त्याने एक खूळ काढलं. रविवारी नातेवाईक भेटायला आले की पेशंटनेच त्यांना सगळं सांगायचं आणि हा स्टुलावर बसून ऐकणार. अजून कोणाचा अंगठा घ्यायचा नाही.

मंद्रूपची बसव्वा तेव्हा बारा नंबरच्या खाटेवर होती. पंचविशीची, हाडं मोजून घ्यावीत इतकी वाळलेली, पण बोलायला खणखणीत. तिचा भाऊ तिप्पण्णा आला. तिने त्याला सांगितलं, “सायबांनी नवं औशीद आणलंय. त्यातलं चांगलं मला देणार हायेत. अंगठा न्हाय दिला तर खाट काढून घेत्यात.”

मी कपाळाला हात लावला. औषधाचं कागदात बरोबर उलटं लिहिलं होतं, आणि खाटेचा तर विषयच नव्हता! पण त्या दिवशी सहा जणांनी आपापल्या माणसांना खाटेबद्दल अगदी हेच सांगितलं.

चूक शब्दांत नव्हतीच. ती पंचाक्षरीलाच सापडली. भरतीचा कागद त्याच्याच टेबलावर व्हायचा, तोच जांभळ्या शाईचा पॅड, त्याच डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि मग खाट मिळायची. आता त्याच टेबलावर तोच माणूस दुसरा कागद घेऊन बसला, समोर तोच पॅड. लोकांनी काय समजायचं?

मग कागदाची पहिलीच ओळ नवी आली. ‘हा भरतीचा कागद नाही. नको म्हणालात तरी खाट आणि नेहमीचं औषध चालू राहील. आधी हो म्हणून मग कधीही नको म्हणालात तरी चालेल.’ वाचन टेबलापाशी नाही, खाटेपाशी. साहेब तिथे नकोत. पॅड कुलपात. कोणी लगेच अंगठा पुढे केला की तो म्हणायचा, पॅड उद्या. घरच्यांशी बोला, रात्रभर विचार करा. साक्षीदारही दवाखान्यातला नको. बदललेला मजकूर, इंग्रजी कागद न पाहिलेल्या एका प्राध्यापकाकडून परत इंग्रजीत करून घेतला, मूळ कागदाशी ताडून पाहिला, आणि संस्थेकडे मंजुरीला धाडला. त्यात महिना गेला. साहेब रोज विचारायचे आणि मला हसू यायचं, कारण आता ते माझ्यासारखेच चिडायचे.

मंजुरी आली. बसव्वाला त्याने मराठीत वाचून दाखवलं, मग कानडीत. पुढच्या रविवारी तिने तिप्पण्णाला पाकिटाचं सांगितलं, काविळीचं सांगितलं, नव्या गोळ्यांनी लघवी नारंगी झाली तर ते रक्त नव्हे हेही सांगितलं. एक अक्षर चुकली नाही. मी तिच्यावर इतकी खूश झाले की विचारू नका. सोमवारी पंचाक्षरी पॅड घेऊन गेला तेव्हा ती म्हणाली, “मला नगं. दोन म्हैन्यानी घरी गेल्यावर कावीळ झाली तर मला हितं आणणार कोण? माझं जुनं औशीदच बरं हाय.”

पहिलाच कागद, आणि नकार. पंचाक्षरीने पॅडचं झाकण लावलं आणि बरं म्हणाला. मला मात्र लई वाईट वाटलं. दोन महिन्यांची मेहनत, आणि ही बाई!

मंगळवारी सकाळी इंजेक्शनचा ट्रे घेऊन मी बारा नंबरपाशी गेले, तर बसव्वा खाटेच्या कडेला बसलेली. चादर घडी केलेली, लुगड्याचं गाठोडं बांधून मांडीवर. कोणी काही बोललं नव्हतं तिला. ती आपली वाट बघत होती. आजूबाजूच्या खाटाही बघत होत्या.

तेवढ्यात राउंडला साहेब आले. तिचा केसपेपर चाळत ते मला हळूच म्हणाले, सिस्टर, अभ्यासाला खाटा कमी पडतायत, हिला घरी पाठवून बाहेरून औषध देता येईल ना? खोटं सांगत नाही, माझ्या तोंडात ‘होय सर’ आलंच होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

पंचाक्षरी दाराशी उभा होता. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भरभर चालला. त्याने संमतीपत्र साहेबांच्या पुढे धरलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तेच बोट खाली साहेबांच्या सहीपर्यंत नेलं.

“सर, हे मी लिहिलंय,” तो म्हणाला. “पण सही तुमची आहे.”

साहेबांनी ती ओळ वाचली. परत वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता याची नोकरी गेली. मग त्यांनी पेन काढलं, बसव्वाच्या केसपेपरवर ‘औषध चालू, खाट बारा’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी तिला इंजेक्शन दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग साहेबांच्या पाठीकडे. पंचाक्षरीकडे तिने बघितलंच नाही, तोही चष्मा पुसत होता. नंतर तिने गाठोड्याची गाठ सोडली आणि लुगडं परत उशाशी ठेवलं.

त्या दिवशी दुपारी दहा नंबरच्या काशम्माने पंचाक्षरीला हाक मारली. तो कागद परत वाचून दाखव म्हणाली, आता नीट ऐकते.