बोर्डावरची पाचवी खुर्ची

आम्रपाली साबळे सातवीत होती तेव्हा तिच्या वडिलांची, विलासरावांची, उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनखाली गेली. ते पिंपरीतल्या एका शीट मेटलच्या कारखान्यात प्रेसवर होते. दवाखान्यात असतानाच मॅनेजर एक कागद घेऊन आला आणि विलासरावांनी डाव्या हाताने त्यावर कशीबशी सही केली. चूक कामगाराची होती असं त्या कागदात लिहिलेलं होतं, हे घरात कळलं ते दोन महिन्यांनी. तेव्हापासून घरात आलेला कुठलाही कागद, मग तो विजेचं बिल का असेना, आम्रपाली शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढायची.

पुढे ती इंजिनिअर झाली. अकरा वर्षं नोकरी केली आणि मग ज्ञानेश मुळे या सहकाऱ्याला बरोबर घेऊन महाळुंग्यात एका शेडमध्ये स्वतःची कंपनी काढली. ज्ञानेश मूळचा लातूरकडचा, सॉफ्टवेअरचा माणूस. लहान वर्कशॉपमधल्या जुन्या प्रेसचा क्लच आणि ब्रेक बदलायचा, समोर प्रकाशकिरणांचा पडदा लावायचा. हात आत असेल तर मशीन स्ट्रोक, म्हणजे ठोका, घेतच नाही, असं त्यांचं यंत्र होतं. त्याच यंत्रातून दिवसाला किती स्ट्रोक झाले याचा हिशेबही मोबाईलवर दिसायचा. सहा वर्षांत माणसं अठरा झाली, मागणी वाढली. पण नवीन माल बनवायला भांडवल नव्हतं. बँकेत जेमतेम दहा आठवडे पगार निघतील एवढेच पैसे उरले होते.

अशा वेळी एका सोमवारी गुंतवणूकदार फंडाची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, आली. सहा कोटी रुपये, वीस टक्के हिस्सा. शुक्रवारपर्यंत सही हवी होती.

ज्ञानेश खुर्चीतून उठलाच. "तीस कोटींची झाली की गं आपली कंपनी!"

"पहिलंच पान वाचलंस तू," आम्रपाली म्हणाली. तिने चौथं पान उघडलं होतं. तिथली वाक्यं तिला एकेक शब्द म्हणून कळत होती, पण सगळी मिळून काय म्हणतात ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती चिंचवडला नीलाताईंच्या ऑफिसात गेली. नीलाताई कंपनी कायद्याच्या वकील. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कंपनी विकायची वेळ आली आणि वीस कोटी आले, तर तुम्हाला किती मिळतील असं वाटतं?"

"त्यांचे वीस टक्के म्हणजे चार कोटी. उरलेले सोळा आमचे."

"नाही. यात लिक्विडेशन प्रेफरन्स दुप्पट आहे, म्हणजे सहाचे बारा कोटी ते आधी उचलणार. आणि पुढे लिहिलंय की उरलेल्या आठ कोटींतही ते वीस टक्क्यांचे वाटेकरी. म्हणजे आणखी एक कोटी साठ लाख. त्यांना तेरा साठ, तुम्हा दोघांना मिळून सहा चाळीस."

आम्रपालीने तो आकडा वहीत लिहिला.

"आता हे बघा. अँटी-डायल्यूशन, फुल रॅचेट. आज ते एक शेअर तीन हजारांना घेतायत, असे वीस हजार शेअर. उद्या अडचणीत सापडून तुम्ही कुणाला दीड हजाराने शेअर विकलात, भले थोडेच विकलेत, तरी त्यांची सगळी गुंतवणूक दीड हजाराच्या भावाने मोजायची. वीस हजारांचे चाळीस हजार शेअर होतील. एक रुपया जास्त न घालता. आणि तो खड्डा तुमच्या हिश्श्यात पडणार."

"असं सगळीकडेच असतं का?"

"भाव पडला तर थोडं संरक्षण सगळेच मागतात. पण बहुतेक ठिकाणी सरासरी काढतात. नवीन शेअर किती आणि किती स्वस्त, त्या मानाने भाव खाली येतो. त्यात जगता येतं. यात नाही." नीलाताईंनी पान उलटलं. "पण मला सगळ्यात जास्त खुपतंय ते बोर्डाचं कलम. पाच संचालक. दोन तुम्ही, दोन त्यांचे. पाचवा स्वतंत्र म्हणून, पण त्याचं नाव सुचवणार फंड."

"तीन विरुद्ध दोन," आम्रपाली हळूच म्हणाली.

"कंपनी काय बनवणार, कुणासाठी बनवणार, प्रमुख कोण, सगळं बोर्ड ठरवतं. शेअर ऐंशी टक्के तुमचे असले तरी करारात एकदा लिहून दिलं की त्यांची माणसं तुम्हाला काढता येणार नाहीत. तुम्हाला मात्र तुमच्या खुर्चीतून उठवता येईल."

"टर्म शीट तर पक्का करार नसतो ना?"

"बहुतेक कलमं बंधनकारक नसतात. पण साठ दिवस दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, हे बंधनकारक आहे. तुमच्याकडे दहा आठवडे आहेत. त्यातले साठ दिवस गेल्यावर तुम्ही कशाच्या जोरावर भांडणार? भांडायचं ते सहीच्या आधी."

परतताना चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे पाऊण तास अडकली असताना तिच्या मनात एकच विचार घोळत होता. फंडाचा भागीदार प्रज्वल पहिल्या भेटीतच बोलून गेला होता की लहान वर्कशॉपवाल्यांच्या नादी लागण्यापेक्षा स्ट्रोक मोजायचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांना विका. तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्या बोलण्यामागे तीन मतं उभी राहणार होती.

ज्ञानेशला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. पण तो म्हणाला, "हे सगळं कंपनी बुडाली तर, नाही तर विकली तर. आपण चांगली चालवली तर कशाला येतंय ते? पैसे नाही आले तर मात्र पुढच्या महिन्याच्या पुढच्या महिन्यात काय सांगायचं लोकांना? माझा घराचा हप्ता आहे, आम्रपाली."

"मला नाहीत का खर्च?"

"तसं नाही म्हणत मी. पण हातचं घालवू नको."

ज्ञानेशचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. बुधवारी ती जेवली नाही. विलासरावांनी विचारलं तेव्हा तिने कसंबसं सगळं सांगितलं. त्यांना रॅचेट वगैरे समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तू नाही म्हणालीस आणि ते निघून गेले, तर झेपेल का तुला?"

"माहीत नाही, पप्पा."

"मग ते आधी ठरव. ते ठरल्याशिवाय जाऊ नकोस."

गुरुवारी बाणेरला फंडाच्या ऑफिसात जाताना तिने आणि ज्ञानेशने गाडीतच ठरवलं: आकड्यात खाली यायचं, कलमांत नाही. ज्ञानेश तयार झाला. पण त्याचा हात सारखा मोबाईलकडे जात होता.

प्रज्वल तिशीतला, मृदू बोलणारा माणूस होता. "हे आमचं नेहमीचं स्वरूप आहे," तो म्हणाला. "कंपनीवर विश्वास असेल तर तुम्हाला भीती कशाची?"

"तुमचाही विश्वास असेल तर दुप्पट आधी कशाला हवेत?" आम्रपाली म्हणाली. "प्रेफरन्स एकपट ठेवा. एक तर तुमचे सहा कोटी आधी घ्या, नाही तर हिश्श्याप्रमाणे घ्या, दोन्ही नको. भाव पडला तर सरासरीने बदल करा. आणि बोर्डावर आम्ही दोन, तुमचा एक."

"एक? सहा कोटी घालून एक?"

"कर्ज, नवे शेअर, विक्री, वर्षाचं बजेट, यातलं काहीही तुमच्या संमतीशिवाय होणार नाही, हे लिहून देते. पण रोजचा कारभार तुमच्या माणसांच्या मतांवर नको."

प्रज्वलने टेबलावरचा कागद पुढे ओढला. "मग तीस कोटींचा भाव राहणार नाही."

"पैसे येण्याआधीचा भाव चोवीस धरलाय तुम्ही. वीस धरा."

ज्ञानेशने दचकून तिच्याकडे पाहिलं. गाडीत बावीस ठरले होते.

"पार्टनरांशी बोलून कळवतो," प्रज्वल म्हणाला.

शुक्रवार गेला, सोमवार गेला, फोन आला नाही. शेडमध्ये अठरा माणसं नेहमीसारखी कामावर येत होती आणि तिला त्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. मंगळवारी तिने दुसऱ्या दोन फंडांना मेल टाकल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. ज्ञानेश तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. नवव्या दिवशी, ती एका सप्लायरकडे उधारीची मुदत मागत असताना, प्रज्वलची मेल आली. वीस कोटींचा भाव, तेवीस टक्के हिस्सा, एकपट प्रेफरन्स, सरासरीचं अँटी-डायल्यूशन, बोर्डावर एक जागा. तिने ती मेल तीनदा वाचली. मग नीलाताईंना पाठवली आणि त्यांचा "ठीक आहे" आल्यावरच ज्ञानेशला सांगितलं.

पैसे आले, पण धाकधूक गेली नाही. सव्वा वर्षाने एका मोठ्या ग्राहकाने ऑर्डर थांबवली आणि कंपनी पुन्हा अडली. चाकणचे एक जुने कारखानदार, बबनराव, पैसे घालायला तयार झाले. पण निम्म्या भावाने. अडीच हजारांचा शेअर साडेबाराशेला, असे दहा हजार चारशे. फंडाची संमती यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आम्रपालीचं वजन चार किलोंनी उतरलं. संमती आली, सरासरीचं कलम लागू झालं आणि फंडाचे चोवीस हजारांचे पंचवीस हजार एकशे काही झाले. नीलाताई फोनवर म्हणाल्या, "जुन्या कागदाप्रमाणे गेलो असतो तर शेअर दुप्पट झाले असते त्यांचे."

त्यानंतरच्या बोर्ड मीटिंगमध्ये फंडाच्या त्या एका जागेवर बसलेल्या प्रज्वलने तोच जुना विषय काढला. लहान वर्कशॉपचं काम बंद करावं, फक्त सॉफ्टवेअर ठेवावं, असा ठरावच त्याने मांडला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. वर्कशॉपवाले पैसे उशिरा देत होते, नफा कमी होता. त्याने आकडे नीट मांडले आणि मत विचारलं.

आम्रपाली "विरोध" म्हणाली आणि ज्ञानेशकडे बघायचं तिने टाळलं. घराचा हप्ता त्याला अजून होताच. सॉफ्टवेअर त्याच्याच हातचं होतं, ते वाढलं तर त्याचंच नाव मोठं होणार होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तो "पाठिंबा" म्हणाला असता तर दोन विरुद्ध एक झालं असतं आणि तेही तिच्या स्वतःच्याच माणसाकडून.

"विरोध," ज्ञानेश म्हणाला. "पण वर्कशॉपवाल्यांकडून अर्धे पैसे आगाऊ घ्यायचे. यावर मात्र मी काही ऐकून घेणार नाही."

"मान्य," आम्रपाली म्हणाली.

प्रज्वलने ठराव फेटाळल्याची नोंद केली. त्याचा स्वर तसाच मृदू होता. "हरकत नाही. मार्चमध्ये बजेट माझ्या संमतीला येईलच. तेव्हा बोलू."

तो निघून गेला. मार्चला चार महिने होते. मग ज्ञानेशने लॅपटॉप उघडला, कोऱ्या शीटला 'मार्च बजेट' असं नाव दिलं आणि विचारलं, "कुठल्या वर्कशॉपपासून धरायचं?"