सोयीने द्यावेत

ही गोष्ट मी तीन वर्षे टाळली. बायकोला अर्धीच सांगितली, मुलाला सांगितलीच नाही. मला कोणी फार वाईट म्हणेल अशातली ती नाही, आणि म्हणूनच ती टाळणे सोपे गेले.

रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात मी हिशेब सांभाळत असे. निवृत्तीचे वय उलटून गेले होते, पण शेठ दरवर्षी मला एक वर्ष वाढवून देत. प्रत्येक मार्चमध्ये मी त्या वाढीची वाट बघत बसे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात माझी एक ख्याती होती. बाहेरच्या माणसाचे बिल आले की मी एका वेळी एकच चूक काढायचो. पॅन नाही म्हणून परत. पॅन घालून आणले की बिलाचा नंबर नाही म्हणून परत. सगळ्या चुका पहिल्याच दिवशी दिसलेल्या असत. पण प्रत्येक फेरीला आठ-दहा दिवस जात, आणि तेवढे दिवस पैसे शेठच्या खात्यात राहत. हे मला कोणी शिकवले नव्हते. टेबलाच्या या बाजूला बसून बसून आले.

मांडवीला आमच्या शेजारच्या घरातली मुलगी घरून डिझाइनची कामे करायची. तिचे वडील बोटीवर होते, ते गेल्यावर आई आणि ती दोघीच. आमच्या आमरसाच्या डब्यांची आणि दिवाळीच्या भेटपेट्यांची लेबले तिने केली. शेठना आवडली. तिचे त्या वेळपर्यंतचे ते सगळ्यात मोठे काम.

श्रावणातल्या एका रविवारी ती बिलाचा कागद घेऊन आमच्या पडवीत आली.

"काका, ऑफिसात द्यायच्या आधी तुम्हीच बघा. तुमच्याकडे बिलं तीनदा परत जातात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"अख्खी रत्नागिरी." ती हसली.

मी चष्मा लावला. बिलावर नंबर नव्हता, तारीख नव्हती, पॅन नव्हता. खाली अठरा टक्के जीएसटी मात्र लावलेला.

"तुझी जीएसटीची नोंदणी आहे काय गो?"

"नाही. पण नेटवरच्या नमुन्यात होता."

"मग माझ्याकडून घेतलेला कर कुठल्या नंबरावर भरणार?"

तिने पेन उघडले.

"नोंदणी नाही तर कर लावता येत नाही. वर्षाला वीस लाखांच्या आत आहेस, तर तुला नोंदणीची गरजही नाही. ही ओळ काढ आणि नोंदणी नाही असं साफ लिही. पॅन घाल. त्यावर आम्ही दहा टक्के कापू, ते तुझ्या नावावर सरकारात जमा होतील, विवरणपत्र भरलंस की हिशेबात धरले जातील. पॅन नसेल तर वीस कापावे लागतात."

"बाप रे!"

मग कामाचा तपशील. तिथे एकच ओळ होती: 'लेबल डिझाइन व इतर कामे' आणि पुढे एकूण रक्कम.

"इतर कामे म्हणजे काय? शेठ पहिलं बोट इथेच ठेवतील. लेबलं किती, पेट्या किती, फोटो कोणी काढले, ठरल्यापेक्षा जास्त वेळा बदल किती केलेस? एकेकाचा दर वेगळा लिही."

"नुसत्या चुका काय काढताय? पोरीला चहा तरी विचारा," आतून बायको म्हणाली.

ती मांडी घालून सगळे लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिने सांगितले की बाजारात एक गाळा बघून ठेवलाय. लग्नपत्रिका, लेबले, बॅनर, सगळे तिथून करायचे. मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे, तोवर अनामत द्यायची. "या बिलाचे पैसे आले की झालंच काका. घरात आईच्या खाटेला टेकून किती दिवस काम करू?"

दसऱ्याला दोन महिने होते. मी ते नीट ऐकले होते.

कागदाच्या तळाशी शेवटची ओळ होती: 'पैसे आपल्या सोयीने द्यावेत.'

"ही आईने सांगितली घालायला. मोठ्या माणसांशी नम्रपणे लिहावं म्हणाली. बरी आहे ना?"

ऑफिसात माझ्या टेबलावर दोन फायली असत. एकीत तारखेची बिले, दुसरीत बिनतारखेची. दुसरीला मीच गमतीने सोयीची फाईल म्हणायचो. आदल्याच दिवशी शेठनी सांगितले होते की बँकेचा हप्ता आहे, ज्यांची तारीख नाही त्यांना हात लावायचा नाही. मला त्या मुलीला एवढेच सांगायचे होते की इथे लिही, बिल मिळाल्यापासून तीस दिवसांत. आणि उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी, नोंदणी करून घे, फुकट होते, फोनवर होते, तो नंबर बिलावर घाल. तो असता तर फार तर पंचेचाळीस दिवसांत आम्हाला पैसे द्यावेच लागले असते. लांबवले असते तर वर व्याज द्यावे लागले असते, आणि मार्च उलटला असता तर तो खर्च शेठना त्या वर्षीच्या कराच्या हिशेबात धरता आला नसता. आमच्या सीएंनी हे मला बजावून सांगितले होते. असे नंबर असणाऱ्यांची यादी माझ्याच खणात होती.

पण तीस दिवसांनी ते बिल घेऊन शेठसमोर उभे कोणाला राहावे लागणार होते? मला. हे तुम्हीच शिकवलं काय तिला, असे ते विचारतील, हेही मला दिसले. पुढचा मार्च दिसला.

"छान आहे," मी म्हणालो. "नम्र आहे. राहू दे."

सोमवारी बिल आले. स्वच्छ, एकही चूक नाही. मी सही केली आणि ते सोयीच्या फायलीत लावले.

ती कधी फोन करून विचारत नसे. सोयीने द्या असे स्वतःच लिहिले होते ना. नवरात्रात एकदा अंगणातूनच म्हणाली, "काका, काही कळलं?" मी म्हणालो, "बघतो." शेठकडे मी गेलो नाही. दसऱ्यानंतर तो गाळा मोबाईल दुरुस्तीवाल्याने घेतला. दिवाळी झाली आणि ती मुंबईला एका कंपनीत नोकरीला लागली. आई इथे एकटी राहिली. पैसे मार्चअखेरीला दिले गेले, दहा टक्के कापून, अगदी नियमाप्रमाणे. मला त्या मार्चमध्ये एक वर्ष वाढवून मिळाले.

मुंबईला जायच्या आदल्या दिवशी ती खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली होती. "तुमच्यामुळे बिल एकदाही परत आलं नाही काका. नाहीतर अजून फेऱ्या मारत बसले असते." मी डबा घेतला. वड्या खाल्ल्याही.

आता मी घरीच असतो. ती गणपतीला येते. यंदा मी ठरवून, मनात शब्द लावून बसलो होतो. ती आली, वाकून नमस्कार केला, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलली. "काका, बिलाच्या त्या सगळ्या गोष्टी अजून पाठ आहेत बरं का. ऑफिसात पोरांना मीच शिकवते." मी विचारले, "शेवटची ओळ काय घालायला सांगतेस?"

"तारीख," ती म्हणाली. "ते मात्र मला तिथे गेल्यावर कळलं."

ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत आहे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बायकोने मोदकाची ताटली पुढे केली, आणि मी म्हणालो, घे, गरम आहेत.

म्हणायचे होते ते हे: ती ओळ मला दिसली होती. त्या ओळीने काय होणार तेही माहीत होते. तू विचारलंस आणि मी खोटे बोललो. मला माफ कर, पोरी.