मस्टरमधले गैरहजर

सुरतच्या रिंग रोडवर शेअर दलालाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी नोकरी करते. शेठला एकदा हुक्की आली, की आपणही ग्राहकांसाठी शेअर निवडायची स्वतःची पद्धत काढायची. ती काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी शेफारले.

पद्धत सोपी होती. दर एप्रिलमध्ये कापडधंद्यातल्या सगळ्या कंपन्या घ्यायच्या, मालमत्तेच्या मानाने ज्यांचा शेअर सगळ्यात स्वस्त अशा वीस निवडायच्या, वर्षभर ठेवायच्या, पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच. मी ती मागच्या वीस वर्षांच्या भावांवर चालवून पाहिली. वर्षाला सव्वीस टक्के! लाखाचे कोटी. शेठने सगळ्यांना लोचो खाऊ घातला आणि साडीच्या खोक्यांवर छपाई करणाऱ्याकडून चकचकीत पत्रकं छापून घेतली. त्यावर सव्वीसचा आकडा एवढा मोठा होता की खाली पद्धत लिहायला जागाच उरली नाही.

घरी मी हे सांगितलं ती चूक झाली. वडील नुकतेच रिटायर झालेले. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये त्यांची उमर गेली, ती बंद पडल्यावर भेस्तानला दुसरीकडे. प्रॉव्हिडंट फंडाचे सगळे पैसे माझ्या पद्धतीत घालायचे असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. सोमवारी चेक देणार होते. आईने बोलून पाहिलं, पण पोरीची अक्कल त्यांना पहिल्यांदाच दिसली होती, ते कुणाचं ऐकतात!

रविवारी त्यांनी कंपन्यांची यादी मागितली. मिलमध्ये ते हजेरीचं मस्टर सांभाळायचे, त्यामुळे यादी हातात आली की बोट लावून वाचतात. दोनदा वाचली. मग चष्मा काढला.

"मनी पलसाण्यानी मिल कोठे शे?"

"बाबा, ती बंद पडली ना. बाजाराने तिला यादीतून काढलं. ही आजची यादी आहे."

"मंग ह्या यादीमा बठा हजरच शेतस. गैरहजर कोठे लिखात?"

मला राग आला. सगळे हजर असणारच, कंपन्यांचा आणि मस्टरचा काय संबंध, असं मी फटकन म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "ज्या सालले तू शेअर लिधा, त्या सालले ती बंद पडनार शे, आसं कोनी सांगेल व्हतं का तुले?"

मी जेवले नाही. सांगणार कोण? वीस वर्षांपूर्वीची खरेदी मी आज जिवंत असलेल्यांतूनच केली होती. ज्या बुडाल्या त्या माझ्या दुकानात कधी आल्याच नव्हत्या. त्यात माझी पद्धत स्वस्त शोधणारी, आणि मरायला टेकलेल्या कंपनीइतकं स्वस्त दुसरं काय असतं?

सोमवारी मी वडिलांना चेक खिशातच ठेवायला सांगितलं आणि ऑफिसात जाऊन जुनी माहिती विकत मागवली: दर एप्रिलला बाजारात ज्या ज्या कंपन्या होत्या त्या सगळ्या, पुढे वगळलेल्यांसकट. शेठ भडकले. "बेन, मरेलानी पाछळ पैसा कोण खर्च करे?" तरी दिले. सव्वीसचे अठ्ठावीस होतील अशी त्यांना आशा होती.

सात झाले.

"जे बंद पडले त्यांचा छेल्लो भाव धरो ने," शेठ म्हणाले. मी म्हटलं, व्यवहारच थांबले तर त्या शेवटच्या भावाला घेणार कोण? शून्य. एका कंपनीच्या मालकाने मात्र सगळे शेअर चांगल्या भावाने परत घेऊन तिला बाजारातून काढलं होतं. तिथे मी तोच भाव धरला. "जोयुं? बद्धा नथी मरता!" शेठ ओरडले. सगळ्याच मरत नाहीत हे खरंच होतं, पण सात त्याला धरूनच आले होते. बँकेतल्या ठेवीत जवळपास तेवढं सुटतं, तेही झोप न मोडता. पत्रकांचे गठ्ठे आता चहाच्या टेबलाखाली आहेत, टेबल डुगडुगत नाही.

सात आले त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं, चांगलीच ओशाळून. त्यांनी फक्त एकच विचारलं, की त्यांची मिल निवडली गेली होती का.

"तीन वर्षं ओळीने. सगळ्यात स्वस्त, पहिला नंबर. तिसऱ्या वर्षी व्यवहार थांबले."

ते उठले, ट्रंक उघडली आणि तळातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. त्याच मिलचे शेअर होते. तीन वर्षं ओळीने घेतलेले, पगारातून, भाव पडत गेला तसे जास्त. ते शेअर घेतल्याचं आईलाही माहीत नव्हतं.

मला रडूच आलं. "मग मला आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली.

"गैरहजर मानूसले कोन इचारस, बेटी?"