बिनकाठीचा पहिला व्हिडिओ

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दर रविवारी माझ्या चालण्याचा व्हिडिओ फ्रीगंजमधल्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जायचा. तिचे नियम कडक होते. तीच गॅलरी, त्याच चपला, फोन त्याच स्टुलावर आणि पावलं दिसतील असा आखूड पायजमा. आमचे हे स्टुलावर फोन उभा करून ठेवायचे आणि मी काठी टेकत जाऊन यायची. ऑपरेशनच्या पायावर मी किती वेळ भार टिकवते आणि चांगल्या पायावर किती, हे ती दर आठवड्याला ताडून बघायची. फरक हळूहळू कमी होत होता.

सहाव्या रविवारी मी काठी कोपऱ्यात ठेवली. घरात चार पावलं बिनकाठीची टाकायला तिनं परवानगी दिलीच होती. ह्यांनी आधाराला हात पुढे केला, तर मी दटावलं, "फोनच्या मध्ये येऊ नका."

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये तिनं मागचा आणि हा व्हिडिओ शेजारी शेजारी लावला. लंगडणं चक्क वाढलेलं! ऑपरेशनच्या पायावरून मी चटकन उतरत होते. माझं डोकंच सटकलं. "मग इतके आठवडे मी काय झक मारली?"

ती हसली. "आंटी, छड़ी वाले से इसका मुकाबला मत कीजिए. ये नया पहला वीडियो है." आणि तिनं माझ्या फाइलमध्ये खरंच नवं पान उघडलं.

काठीचे पाचही व्हिडिओ मी कुणाला दाखवले नव्हते. हा लंगडा मात्र रिक्षात बसल्या बसल्या इंदूरच्या बहिणीला पाठवला.